नाममात्र मूल्याचं मटण

'कंपनीच्या व्यवहारांवर अनुचित प्रभाव पडेल अशा मूल्यवान बाबींची प्रत्यक्ष अथवा अप्रत्यक्ष देवाणघेवाण टाळली जाणे अपेक्षित आहे. तथापि, स्थानिक प्रथेनुसार नाममात्र मूल्याच्या भेटवस्तू व वाजवी आदरातिथ्य स्वीकारार्ह ठरू शकते.'

वाचलंत? आता सांगा, कबनूरच्या शेडमध्ये कापड तपासायला गेलेल्या चेकरनं दुपारी मालकाच्या घरी मटण खायचं की नाही?

खुशाल खायचं. प्रथा स्थानिक आहे. ताट घरचं आहे, त्यामुळे बिल नाही आणि मूल्य नाममात्र आहे. आदरातिथ्यही वाजवी आहे, कारण पांढरा रस्सा तिसऱ्यांदा त्यानं मागितला नव्हता, वाढणाऱ्यानं वाढला. शिवाय 'जेवल्याबिगर जायचं न्हाई पाहुणं' असं दारात उभं राहून कुणी म्हणालं की कोल्हापूर जिल्ह्यात त्यावर अपील नसतं.

वरचा उतारा एका परदेशी कंपनीच्या आचारसंहितेच्या मराठी प्रतीतला आहे. कंपनी इकडून कापड घेते. कबनूर इचलकरंजीला इतकं चिकटलेलं आहे की गाव कुठं संपलं आणि शहर कुठं लागलं हे मागांच्या आवाजावरून कळत नाही. या पट्ट्यात कंपनीचे चेकर फिरतात, तिचं गोदाम आहे, दिवाणजी आहेत, ड्रायव्हर आहेत. लाच आणि भेटवस्तूंचं धोरण या सगळ्यांना मराठीत द्यायचं ठरलं. मराठी मुंबईहून तयार होऊन आलं. त्याखाली प्रत्येकानं 'वाचले व समजले' म्हणून सही करायची. ऑफिसातल्या एच.आर.च्या मॅडमनी सह्या घेण्याआधी 'जरा नजर टाका' म्हणून ती प्रत माझ्याकडे पाठवली. त्यांना शंका अशी होती की सह्या सगळे करतील, पण काय समजलं ते एकालाही सांगता येणार नाही.

शंका बरोबर होती. व्याकरण शुद्ध होतं, पण त्या पानांवर माणूसच नव्हता. देवाणघेवाण टाळली जाते, प्रभाव पडतो, आदरातिथ्य ठरू शकतं. कोण देतो, कोण घेतो आणि बदल्यात काय होतं, याचा कुठं पत्ता नाही. लाचेचं वर्णन असं लिहिलं की लाच बिचारी आपोआप घडते, पावसासारखी.

तेव्हा आधी माणूस टेबलावर आणू. हे टेबल म्हणजे कापड तपासायचं टेबल. वर ट्यूबलाइट, पुढून ताका सरकतोय, चेकरच्या हातात पेन. परदेशी गिऱ्हाईक बहुतेक चार पॉइंटच्या पद्धतीनं कापड घेतं. दोष तीन इंचांपर्यंत असला तर एक पॉइंट, सहापर्यंत दोन, नऊपर्यंत तीन आणि त्याच्या वर चार. एका वारात कितीही दोष निघाले तरी चारच पॉइंट. शेवटी शंभर चौरस वाराला किती पॉइंट पडले ते काढायचं. चाळीसच्या आत असेल तर माल पास, वर गेला तर परत, असा करार बऱ्याच ठिकाणी असतो.

समजा ताका १२० वार लांब आणि ६० इंच पन्ह्याचा आहे. म्हणजे २०० चौरस वार. चेकरनं नव्वद पॉइंट मांडले, तर शंभराला पंचेचाळीस पडले. माल परत. आता मालक काही मागत नाही. 'पास करा' असंही म्हणत नाही. तो म्हणतो, 'ऊन लई झालंय, जेवून घ्या आधी.' जेवण होतं. दुपारी तोच ताका पुन्हा लावला जातो. या खेपेला तीन लांब दोष पेनाखालून निसटतात. तेलाचा एक पट्टा, तुटलेल्या तारेची एक रेघ आणि एक जाळी. तीन चोक बारा. उरले अठ्ठ्याहत्तर. शंभराला एकोणचाळीस. माल पास.

ताटाची किंमत बारा पॉइंट निघाली. रुपयांत ती कुठं दिसत नाही. परतीचा माल फेंटमध्ये गेला असता तर मालकाचं जे नुकसान झालं असतं, ते आता त्या कापडाचे शर्ट शिवणाऱ्याच्या गळ्यात पडलं. धोरणाला हाच प्रकार पकडायचा आहे. 'अनुचित प्रभाव' या दोन शब्दांत हेच बारा पॉइंट बसवले आहेत, पण चेकरला ते तिथं दिसत नाहीत. त्याला मराठीत असं सांगावं लागतं : ज्याचा माल तुम्ही तपासता, त्याच्याकडून काही घेऊ नका. जेवणसुद्धा. पाणी आणि चहा चालेल, तोही शेडमध्ये, सगळ्यांसमोर.

यावर गोदामातला एक अनुभवी माणूस मला म्हणाला, 'पण साहेब, हे लाच कसं? लाच सरकारी माणसाला देत्यात.'

त्याचं म्हणणं हसण्यावारी नेण्यासारखं नाही. १९८८ चा भ्रष्टाचार प्रतिबंधक कायदा लोकसेवकांभोवतीच फिरतो. एका खासगी माणसानं दुसऱ्या खासगी माणसाला दुपारचं जेवण घातलं तर लाचलुचपत प्रतिबंधक विभाग सापळा लावायला येत नाही. बातम्यांतही 'लाच' हा शब्द तलाठी, हवालदार, अभियंता यांच्याच शेजारी छापलेला असतो. त्यामुळे धोरणात नुसतं 'लाच घेऊ नये' लिहिलं, तर चेकर मनाशी म्हणतो, हे आपल्याला नाही, तलाठ्याला आहे. पण ब्रिटनचा २०१० चा लाचविरोधी कायदा, जो १ जुलै २०११ पासून लागू झाला, सरकारी आणि खासगी असा भेद करत नाही. मोठ्या कंपन्यांच्या संहितांवर त्याची छाप असते. म्हणून मराठीत हे वाक्य सुटं, पहिल्याच ओळीत यायला हवं : या धोरणात लाच म्हणजे फक्त सरकारी माणसाला दिलेली लाच नव्हे, मालकानं चेकरला दिलेली, ट्रान्सपोर्टवाल्यानं गोदामवाल्याला दिलेली, तीही लाचच. इंग्रजीत हे कुठंतरी चौथ्या पानावर असतं. आपल्याकडे गैरसमज पहिल्या पानावर असतो, म्हणून उत्तरही तिथंच हवं.

आता 'नाममात्र'. इंग्रजी संहितेत आकडा होता, पन्नास डॉलर. मुंबईच्या मराठीनं तो इमानेइतबारे रुपयांत आणला. चार हजारांच्या वर गेला. म्हणजे न्यूयॉर्कमध्ये ज्या पैशात दोन माणसांचं साधं जेवण कसंबसं भागतं, त्या पैशात कबनूरच्या चेकरला साडी, शर्टपीस आणि वर मिठाईचा बॉक्स राजरोस घ्यायची परवानगी मिळाली. अनुवाद अचूक होता, नियम मात्र पार उलटा झाला. हे अनुवादकाचं पाप नाही, पण ते त्याच्याच नजरेला पहिल्यांदा पडतं. त्यानं आकडा गुपचूप बदलायचा नसतो, आणि गुपचूप छापायचाही नसतो. कंपनीला विचारायचं असतं की इथला आकडा किती, तो एका वेळचा की वर्षाचा, आणि एका माणसाकडून की सगळ्यांकडून मिळून. या तीन प्रश्नांशिवाय कुठलाही आकडा निरुपयोगी आहे. पाचशेची मर्यादा एका वेळची धरली तर दर आठवड्याला पाचशे घेणारा माणूस नियमात बसतो.

दिवाळीची गंमत आणखी निराळी. इथं दिवाळीला बॉक्स ऑफिसात येत नाही, घरी जातो. चेकर कामावर असतो. बॉक्स देणारा वहिनींना 'साहेबांना सांगा' म्हणतो आणि निघतो. चेकरनं काही घेतलेलंच नाही! 'प्रत्यक्ष अथवा अप्रत्यक्ष' या तीन शब्दांत कंपनीला हे सगळं आलं असं वाटतं. वाचणाऱ्याला ते कोर्टाच्या कागदावरचं तबलावादन वाटतं. तिथं लिहायला हवं : बायकोला, पोरांना, भावाला, मेहुण्याला दिलेली वस्तू ही तुम्हालाच दिलेली वस्तू. मेहुण्याला दिलेली दिवाणजीची नोकरी, पोराच्या क्लासची भरलेली फी, गावाकडं जायला दिलेली गाडी, हेही त्यातच धरा. आणि बॉक्स आलाच, परत करता येईना, तर दुसऱ्या दिवशी ऑफिसच्या टेबलावर आणून ठेवा, वहीत नोंद करा, सगळे मिळून खा. मिठाई परत न्यायला कुणी कुरिअर करत नाही, हे लिहिणाऱ्याला ठाऊक असावं.

वहीवरून आठवलं. संहितेत 'भेटवस्तू नोंदवही' ठेवायला सांगितली आहे आणि तिचा उपयोग समजावण्यात दीड पान खर्ची पडलं आहे. ते दीड पान वाया गेलं. या वहीचा सख्खा भाऊ आपल्या प्रत्येक घरात आहे. लग्नात मांडवाच्या दाराशी बसलेला काका आहेराची वही लिहितो, त्यात नाव, गाव, काय दिलं आणि किती दिलं हे अचूक असतं. वीस वर्षांनी त्यांच्या पोराच्या लग्नात किती द्यायचे ते त्यावरूनच ठरतं. आहेर फुकट नसतो, तो परत करायचा असतो, हे आपल्याला कुठल्याही बहुराष्ट्रीय कंपनीपेक्षा आधीपासून ठाऊक आहे. तेव्हा मराठीत एवढंच सांगा की ही आहेराच्या वहीसारखीच वही आहे, फक्त एक रकाना जास्त : 'देणाऱ्याचं आपल्याकडे काय काम आहे?' बहिणीच्या लग्नात मागवाल्यानं घातलेले पाच हजार एक त्या रकान्यापाशी आले की लिहिणाऱ्याचा हात आपसूक थांबतो.

आता देणाऱ्याची बाजू. चेकर घेणारा असतो, पण गोदामवाला, ड्रायव्हर आणि दिवाणजी यांच्यावर देण्याची पाळी येते. कागद पुढं सरकावा, तपासणीला आलेल्यानं लवकर उरकावं, गाडी अडवू नये म्हणून दिलेले शंभर-दोनशे. त्याला इंग्रजीत फॅसिलिटेशन पेमेंट म्हणतात. मुंबईच्या प्रतीत त्याचं 'सुविधा शुल्क' झालं, आणि पुढं स्पष्ट हुकूम : 'सुविधा शुल्क भरण्यास सक्त मनाई आहे.' दिवाणजींनी ते वाचून एच.आर.ला विचारलं की मग ऑनलाइन बिल भरताना बँक जे सुविधा शुल्क कापते त्याचं काय करायचं? प्रामाणिक माणूस. त्याच्या मते कंपनीनं आता रांगेत उभं राहून बिल भरायचं ठरवलं होतं.

एच.आर.नं उत्तर काढलं : पावती मिळते ते शुल्क, पावती मिळत नाही ती लाच. छान, सुटसुटीत, आणि कबनूरमध्ये पहिल्याच उरुसाला कोसळणारं. वर्गणीची पावती मिळते. उरुसाची मिळते, गणपतीची मिळते, कुस्तीच्या मैदानाची मिळते. तपासणी करणारा साहेब म्हणाला, 'आमच्या गल्लीतल्या मंडळाचं तेवढं बघा,' आणि अकरा हजारांची रीतसर पावती फाटली, तर ती वर्गणी होते की लाच? पावती आहे, सही आहे, शिक्का आहे. दुसऱ्या बाजूनं सरकारनं स्वतःच घाईचा दर ठेवलेला असतो. तत्काळ पासपोर्टला जादा पैसे लागतात आणि ते लाच नसतात. म्हणून पावतीच्या जोडीला आणखी दोन गोष्टी तपासाव्या लागतात : दर सरकारी तक्त्यात लिहिलेला आहे का, आणि मागणाऱ्याच्या हातात आपलं काही काम अडकलेलं आहे का. काम अडकलेलं असताना त्याच्या सांगण्यावरून कुणालाही पैसे दिले, अगदी देवाला दिले, तरी ते त्यालाच दिले. आणि फॅसिलिटेशन पेमेंटला 'सुविधा शुल्क' म्हणायची गरजच नाही. 'काम लवकर व्हावं म्हणून दिलेली चिरीमिरी' लिहा. कबनूरपासून चंदगडपर्यंत कुणाला कोश उघडावा लागणार नाही.

'एवढ्या शंभर रुपड्यांसाठी कोण विचारतंय?' हा प्रश्न प्रत्येक ठिकाणी येतो. त्याचं उत्तर आपल्याकडेच घडलेलं आहे. मुंबईची डी-नोसिल क्रॉप प्रोटेक्शन ही कीटकनाशकं विकणारी कंपनी अमेरिकेच्या डाऊ केमिकलच्या अखत्यारीतली होती. १९९६ ते २००१ या काळात तिनं इथल्या सरकारी माणसांना अंदाजे दोन लाख डॉलर दिले, असा अमेरिकेच्या रोखे आयोगाचा आरोप होता. त्यातले ३९,७०० डॉलर केंद्रीय कीटकनाशक मंडळाच्या एका अधिकाऱ्याला, औषधांची नोंदणी लवकर व्हावी म्हणून. मोठी रक्कम मात्र दुसरीच होती. सुमारे ८७,४०० डॉलर राज्यांच्या तपासनिसांच्या खिशात गेले. नमुन्यात खोट दाखवून माल अडवायची ताकद त्यांच्या हाती होती. आणि त्यातला एकेक हप्ता शंभर डॉलरच्या आतला. भागाकार करा, निदान पावणेनऊशे वेळा कुणीतरी कुणाच्या तरी हातावर 'किरकोळ' ठेवलं होतं. २००७ च्या फेब्रुवारीत डाऊनं आरोप कबूल न करता आणि न नाकारताही ३,२५,००० डॉलर दंड भरून प्रकरण मिटवलं.

यातला खरा धडा दिवाणजींसाठी आहे. परदेशात लाच देण्याविरुद्धचा अमेरिकेचा १९७७ चा कायदा नेहमीच्या सरकारी कामासाठी दिलेल्या चिरीमिरीला एक अरुंद पळवाट ठेवतो. ब्रिटिश कायदा तीही ठेवत नाही. पण अमेरिकेच्या पळवाटेतून निघालेला माणूसही पुढं हिशेबाच्या वहीत सापडतो, कारण दिलं ते दिलं, पण वहीत भलतंच लिहिलं, हा वेगळा गुन्हा. डाऊवरचा ठपकाही हिशेब आणि त्यावरच्या देखरेखीचा होता. आपल्याकडे व्हाउचरवर 'चहापाणी', 'हमाली', 'किरकोळ खर्च' लिहायची पद्धत इतकी मुरलेली आहे की लिहिणाऱ्याला आपण काही लपवतोय असं वाटतही नाही. इंग्रजी संहितेत याला 'अचूक व पारदर्शक नोंदी' असं गोंडस नाव आहे. मराठीत दिवाणजींना सांगायचं ते असं : पैसे ज्याला आणि ज्यासाठी दिले तेच व्हाउचरवर लिहा. लिहायची लाज वाटत असेल तर देऊ नका. दिले असतील तर 'हमाली' लिहून हमालाला त्यात ओढू नका.

पण कधी द्यावेच लागले तर? रात्री अकराला रस्त्यात गाडी अडवली, ड्रायव्हर एकटा, समोर चार जण, अंगावर येतायत. बहुतेक संहिता म्हणतात की जिवाला धोका असेल तर द्या आणि लगेच कळवा. हे वाक्य मुंबईच्या मराठीत 'व्यक्तिगत सुरक्षिततेस आसन्न धोका उद्भवल्यास' असं होतं. ड्रायव्हरला 'आसन्न' म्हणजे काय हे उमगेपर्यंत धोका उद्भवून संपलेला असतो.

इथं भारतातल्या कायद्याची एक गोष्ट जगभरच्या एकाच संहितेत येतच नाही, आणि नेमकी ती सर्वांत कामाची आहे. २०१८ मध्ये १९८८ च्या कायद्यात दुरुस्ती झाली. कलम ८ प्रमाणे आता सरकारी माणसाला लाच देणाराही गुन्हेगार, सात वर्षांपर्यंत कैद किंवा दंड किंवा दोन्ही. मात्र देणाऱ्यावर जबरदस्ती झाली असेल आणि त्यानं सात दिवसांच्या आत पोलीस किंवा तपास यंत्रणेला कळवलं, तर तो गुन्हा ठरत नाही. देण्याआधीच लाचलुचपत विभागाला सांगून सापळ्यात दिले असतील, तर त्यालाही संरक्षण आहे. राज्यात १०६४ हा फुकटचा नंबर त्यासाठीच आहे. आता आमच्या मराठी प्रतीत काय होतं? 'यथावकाश अनुपालन अधिकाऱ्यास अवगत करावे.' यथावकाश! ड्रायव्हर पुढच्या पगाराच्या दिवशी अवगत करायला गेला की आठवा दिवस उलटून गेलेला असतो आणि कायद्यानं उघडं ठेवलेलं दार बंद झालेलं असतं. अनुवादकाला संहितेत स्वतःच्या पदरचं कलम घालता येत नाही, हे खरं. म्हणून 'भारतासाठी पुरवणी' असं वेगळं पान मागायचं, ते कंपनीच्या वकिलानं तपासायचं, आणि त्यावर 'सात दिवस' हे दोन शब्द ठळक अक्षरांत घालायचे.

आता मूळ प्रश्न. एवढा खर्च करून कंपनी हे मराठीत आणतेच कशाला? मराठी भाषा गौरव दिनासाठी नाही. ब्रिटिश कायद्यात, आणि २०१८ पासून आपल्या कायद्याच्या कलम ९ मध्येही, कंपनीला एक बचाव आहे : आमच्या माणसानं लाच दिली, पण ती थांबवायला आमची पुरेशी व्यवस्था होती. ब्रिटिश सरकारनं २०११ मध्ये काढलेल्या मार्गदर्शनात अशा व्यवस्थेची सहा तत्त्वं सांगितली आहेत आणि धोरण माणसांपर्यंत पोचवणं हे त्यातलंच एक. म्हणजे ड्रायव्हरच्या सहीचा कागद ही कंपनीची छत्री आहे. छत्री धरायला हरकत नाही. पण कागदावरचं ड्रायव्हरला कळलंच नसेल तर ती छत्री पहिल्याच सरीत गळणार, हे कंपनीच्या वकिलाला तरी पटायला हवं. आपल्याकडे १९४६ च्या स्थायी आदेशांच्या कायद्यानंही सांगून ठेवलं होतं की कामाचे नियम इंग्रजीत आणि बहुसंख्य कामगारांना समजेल त्या भाषेत दारापाशी लावा, आणि त्याच्या आदर्श नमुन्यात लाच देणं-घेणं हे गैरवर्तनांच्या यादीत होतंच. 'समजेल त्या भाषेत' म्हणजे 'आसन्न' नव्हे.

आणि शेवटचं कलम, बारीक टाइपातलं : 'मराठी व इंग्रजी मजकुरात तफावत आढळल्यास इंग्रजी मजकूर ग्राह्य धरला जाईल.' म्हणजे सही मराठीवर आणि शिक्षा इंग्रजीवर. मराठीत 'प्रथेनुसार चालेल' वाचून ज्यानं डबा घेतला, त्याला इंग्रजी दाखवून घरी पाठवता येतं. हे कलम काढून टाका असं मी म्हटलं नाही, ते कुणी काढत नाही. म्हणून उलटी वाट धरली. नवं मराठी एका पानात लिहिलं, आणि ज्याला इंग्रजी येतं पण मूळ संहिता पाहिलेली नाही अशा माणसाकडून ते परत इंग्रजीत करून घेतलं. ते मूळ मजकुराशेजारी ठेवून वकिलाला दिलं, म्हणजे तफावत सहीच्या आधी सापडते, चौकशीत नव्हे.

ते पान असं होतं :

'हा नियम चेकरपासून डायरेक्टरपर्यंत सगळ्यांना आहे. ज्याचा माल तुम्ही तपासता, घेता, मोजता किंवा ज्याचं बिल पास करता, त्याच्याकडून पैसे, वस्तू, जेवण, पार्टी, प्रवास, नोकरी काही घेऊ नका. घरच्यांनाही घेऊ देऊ नका. चहा-पाणी चालेल. घरी काही आलं तर दुसऱ्या दिवशी ऑफिसात आणा आणि वहीत लिहा. काम लवकर व्हावं म्हणून कुणाला चिरीमिरी देऊ नका. साहेबाच्या सांगण्यावरून मंडळाला वर्गणी देऊ नका. जीव धोक्यात असेल तर द्या आणि त्याच दिवशी कळवा. सरकारी माणूस असेल तर सात दिवसांच्या आत तक्रार झालीच पाहिजे, कंपनी तुमच्याबरोबर येईल. व्हाउचरवर खरं लिहा. तक्रार केली म्हणून तुमची पाळी, पगार किंवा जागा बदलली जाणार नाही. तुमच्या साहेबाविरुद्ध तक्रार असेल तर साहेबाला सांगू नका. या नंबरवर सांगा, मराठीत बोलणारा माणूस उचलेल.'

शेवटचं वाक्य घालायला सर्वांत जास्त दिवस लागले. नंबर होता, पण तो उचलणारी बाई परदेशातून इंग्रजीत बोलत होती. मराठी माणूस बसवल्यानंतरच ते छापलं.

चेकर, ड्रायव्हर आणि दिवाणजी यांनी पान वाचलं. मॅडमनी प्रत्येकाला एक-एक प्रसंग सांगून 'अशा वेळी काय कराल?' विचारलं, आणि सगळ्यांनी नीट उत्तरं दिली. खालून दुरुस्ती शून्य.

वरून एक आली. मराठी फारच सोपं आणि प्रभावी झालं आहे, असं कौतुक करून मुख्य ऑफिसनं सुचवलं होतं की 'चेकरपासून डायरेक्टरपर्यंत' जरा उग्र वाटतं, त्याऐवजी 'सर्व संबंधितांना' करावं. शिवाय 'पार्टी' आणि 'प्रवास' हे दोन शब्द काढावेत, कारण पुरवठादारांबरोबरची वार्षिक बैठक गोव्यात होते आणि तिथलं आदरातिथ्य व्यवसायासाठी आवश्यक असतं.

मॅडमनी उत्तर पाठवलं ते मी जपून ठेवलं आहे. त्यांनी लिहिलं की बदल करायला हरकत नाही, पण मूळ इंग्रजीत 'सर्व कर्मचारी, अधिकारी व संचालक' असं स्वच्छ लिहिलेलं आहे, आणि त्यात पार्टी व प्रवासही आहेत. मराठीतून ते काढले तर तफावत होईल, आणि तफावत झाली की आपल्याच शेवटच्या कलमाप्रमाणे इंग्रजी ग्राह्य धरावं लागेल.

पान आहे तसंच छापून आलं. गोव्याच्या बैठकीची तारीख अजून कळलेली नाही.